‘नाही’ कुठे गेलं?

माझी थोरली बहीण कोल्हापुरात घरूनच नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. संध्याकाळी सात ते साडेआठ, आठवड्यातून चार दिवस, यूट्यूबवर थेट. एका संध्याकाळी तिने वर्गात सांगितलं, “वर्गमूळ दोन ही परिमेय संख्या नाही.” खाली लगेच एका मुलाची कॉमेंट आली, “हो मॅडम, परिमेय आहे.” ताई चिडली. इतकं स्वच्छ सांगूनही हा उलटं कसं ऐकतो? रात्री रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा तिला कळलं की पोराची काही चूक नव्हती. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत होतं, “वर्गमूळ दोन ही परिमेय संख्या ना…” शेवटचा ‘ही’ कुणीतरी कापून नेला होता. उरलेला ‘ना’ होकार मागत होता.

कापणारा ओबीएसमध्येच बसला होता. पंख्याची घरघर ऐकू येते अशी मुलांची तक्रार होती, म्हणून आमच्या भाच्याने आदल्या दिवशी माइकवर नॉइज गेट लावून दिला होता. लावला आणि खिडकी बंद केली. आतल्या आकड्यांना त्याने हातही लावला नव्हता. रविवारी मी ताईकडे गेलो आणि तिच्या टेबलाशी बसलो, ते हे आकडे नीट लावायलाच.

ओबीएस हे थेट प्रक्षेपणाचं आणि रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर. त्याच्या खालच्या बाजूला `Audio Mixer` असतो आणि त्यात `Mic/Aux` नावाची एक आडवी पट्टी असते. आपण बोललो की ती हलते. हिरवा, पिवळा, लाल असे तिचे तीन टप्पे असतात आणि खाली आकडे असतात, तेही सगळे उणे. हे उणे आकडे नव्या माणसाला गोंधळात टाकतात. विहिरीच्या काठावर उभं राहून पाणी किती खाली आहे ते आपण सांगतो, तसाच हा प्रकार. काठ म्हणजे शून्य. -48 म्हणजे पाणी खोल तळाशी, -10 म्हणजे हाताला लागेल इतकं वर. काठाच्या वर जायला जागाच नसते. आवाज तिथे आपटला की फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कुठल्याही फिल्टरने शिवला जात नाही. पट्टी -20 पर्यंत हिरवी असते, तिथून -9 पर्यंत पिवळी आणि त्यापुढे लाल.

गेट लावायचा तर त्याआधी दोनच गोष्टी मोजाव्या लागतात. कोणी बोलत नसताना खोलीचा आवाज कितीवर असतो, आणि आपला सर्वांत हळू शब्द कितीवर असतो. मोजताना भाच्याने लावलेला फिल्टर बंद करणं आलं, कारण पट्टीवर दिसतो तो फिल्टरमधून गाळून आलेला आवाज. पट्टीवर उजवी क्लिक करून `Filters` उघडायचं. तिथे प्रत्येक फिल्टरच्या नावापुढे एक डोळा असतो. तो मिटला की फिल्टर तात्पुरता बंद होतो, आकडे मात्र जसेच्या तसे राहतात.

डोळा मिटून आम्ही दोघं अर्धा मिनिट गप्प बसलो. पंखा तीनवर. पट्टी -42 च्या आसपास थरथरत होती. मग मी ताईला म्हटलं, वर्गात बोलतेस तसंच बोल, मला दाखवायला म्हणून नको. ती बोलू लागली. नेहमीचं बोलणं -20 च्या बरंच वर, पण वाक्याच्या शेवटी पट्टी दर वेळी -36 पर्यंत घसरत होती. मराठीची ही मोठी अडचण आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि तिथवर पोचेपर्यंत श्वास संपत आलेला असतो. ‘आहे’, ‘नाही’, ‘करायचं’, ‘चालत नाही’ ही सगळी उतरत्या सुरात, अर्धी घशातच राहतात. आणि वाक्याचा अर्थ नेमका तिथेच असतो.

भाच्याने जसाच्या तसा ठेवलेला गेट -26 वर उघडत होता आणि आवाज -32 च्या खाली गेला की मिटत होता. ओबीएस सुरुवातीला हेच आकडे देतं. ताईचं ‘नाही’ होतं -36 वर, म्हणजे गेटच्या लेखी तो माणसाचा आवाजच नव्हता. ‘ना’ तेवढा वाचला, कारण आवाज पातळीखाली गेल्यावरही गेट क्षणभर थांबतो आणि मग मिटतो. त्या क्षणात जेवढं बसलं तेवढं गेलं.

सरळ उपाय म्हणजे मिटण्याची पातळी -36 च्या खाली न्यायची, पण तिथे पंखा वाट अडवून होता. पंखा -42, शब्द -36, मध्ये जेमतेम सहा डेसिबलची फट. इतक्याशा फटीत गेट बसवला की पंख्याचा एखादा झोका त्याला उघडतो आणि एखादं दमलेलं ‘आहे’ त्याला मिटतं. म्हणून गेटला हात लावण्याआधी मी माइक उचलला. तो लॅपटॉपच्या मागे होता, ताईच्या तोंडापासून दोन वितींवर. तो एका वितीवर आणला, समोर न ठेवता जरा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर थेट आत जाणार नाही. अंतर निम्मं झालं की तोंडातून थेट येणारा आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो. पंखा छतालाच असतो, त्याचा आवाज तेवढाच राहतो. मग माइकवरचं बटण फिरवून सगळंच सहाने खाली आणलं. शब्द पुन्हा -36 वर आले आणि पंखा -48 वर गेला. सहाची फट बाराची झाली, एकाही फिल्टरविना. फिल्टरची खिडकी उघडून बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना खरं तर एवढंच हवं असतं.

मग गेटचा डोळा उघडला. त्यात दोन पातळ्या असतात. `Close Threshold` ही मिटण्याची आणि `Open Threshold` ही उघडण्याची. दोन कशाला, असा प्रश्न ताईला पडला आणि उत्तरही तिलाच सुचलं. त्यांच्या गच्चीवरच्या टाकीला आपोआप चालू-बंद होणारी मोटर आहे. पाणी बरंच खाली गेलं की ती सुरू होते आणि टाकी काठोकाठ भरली की थांबते. दोन्हीला एकच खूण असती, तर पाणी जरा डचमळलं की मोटर चालू-बंद, चालू-बंद करत राहिली असती. गेटचंही तसंच. उघडायला जरा मोठा आवाज लागतो, पण एकदा उघडला की बराच हळू आवाजही तो आत येऊ देतो. वाक्याची सुरुवात आपण जोरात करतो आणि शेवट हळू, म्हणून ही रचना बोलण्याला चपखल बसते.

मिटण्याची पातळी -44 ठेवली, म्हणजे पंख्याच्या चार वर. उघडण्याची -38, म्हणजे ताईच्या सर्वांत हळू शब्दाच्याही दोन खाली. यात पाठ करण्यासारखं काही नाही. तुमचा पंखा -55 वर असेल तर तुमचे आकडे निराळे येतील. इंटरनेटवर कुणीतरी दिलेले आकडे उचलून भरले की नेमका ताईसारखा घोटाळा होतो, कारण ते आकडे त्याच्या खोलीचे असतात.

खाली वेळेचे तीन आकडे असतात, मिलिसेकंदात. `Attack Time` म्हणजे गेट उघडायला लागणारा वेळ. तो मुळात 25 असतो. ताईच्या तोंडून ‘हर’ आणि ‘हळू’ मधला ‘ह’ पुसट होऊन ‘अर’, ‘अळू’ असं काहीतरी ऐकू येत होतं. ‘ह’ म्हणजे नुसता श्वास, त्याचा जोर कमी, त्यामुळे त्याच्यामागचा स्वर येईपर्यंत गेट पुरता उघडलेलाच नसतो. आम्ही हा आकडा 10 केला. आणखी खाली, अगदी एक-दोनवर नेला तर उघडताना बारीक टकटक ऐकू येऊ शकते. `Hold Time` म्हणजे आवाज पातळीखाली गेल्यावर गेट किती वेळ थांबतो ते. 200 वरून 300 केला, कारण ताई गणित सांगताना दोन शब्दांमध्ये खडू उचलण्याएवढा थांबा घेते आणि त्या प्रत्येक थांब्याला गेट मिटायला नको होता. `Release Time` म्हणजे मिटताना आवाज किती हळूहळू उतरतो ते. 150 चा 250 केला. दार धाडकन आपटलं तर कळतं, हळू ओढून घेतलं तर कळत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गेट पंखा घालवत नाही. तो ताई गप्प असताना पंखा लपवतो, एवढंच. ती बोलायला लागली की गेट उघडतो आणि त्याच दारातून पंखाही आत येतो. आवाज मोठा असेल तर तो पंख्याला झाकतो आणि काही जाणवत नाही. पण खोलीचा आवाज फार असेल, तर प्रत्येक वाक्याबरोबर घरघर येते आणि वाक्य संपलं की एकदम पोकळ शांतता होते. हे असं सारखं येणं-जाणं सलग घरघरीपेक्षा जास्त खुपतं. ते ऐकू आलं तर गेट आणखी आवळायचा नाही. पंखा कमी करायचा किंवा गेटच्या वर `Noise Suppression` हा वेगळा फिल्टर लावायचा. तो शब्दांच्या पोटातली घरघरही काही प्रमाणात कमी करतो, आणि जास्त ताणला तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. ताईला त्याची गरज पडली नाही.

गेट जमला. आता मुलांची दुसरी तक्रार. त्यांच्यातल्या एकाने लिहिलं होतं, “मॅडम, कधी ऐकूच येत नाही, कधी कान फुटतो.” ताई सिद्धता सांगताना स्वतःशी पुटपुटल्यासारखी बोलते, आणि मध्येच कुणी चुकीचं उत्तर दिलं की “अरे, लक्ष कुठंय!” अशी कडाडते. आम्ही पट्टीवर पाहिलं. पुटपुट -26 वर, नेहमीचं शिकवणं -14 वर आणि कडकडाट -4 वर. हळू आणि मोठ्यामध्ये बावीस डेसिबलचं अंतर. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकणारं पोर आवाज वाढवणार, मग दचकून कमी करणार.

हे अंतर कमी करणं हे `Compressor` चं काम. तो मोठा आवाज दाबतो, पण सरसकट नाही. एका पातळीच्या वर जेवढा जाईल तेवढ्यालाच तो हात लावतो, आणि तोही ठरलेल्या प्रमाणात. ती पातळी म्हणजे `Threshold`, आणि प्रमाण म्हणजे `Ratio`. ओबीएस सुरुवातीला प्रमाण 10:1 देतं. माझ्या मते बोलण्यासाठी ते फार कडक आहे. रागावणं आणि समजावणं दोन्ही एकाच उंचीवर येतं आणि माणूस सपाट वाटू लागतो. शिक्षकाच्या आवाजात थोडा चढ-उतार राहायलाच हवा, नाहीतर मुलं दहाव्या मिनिटाला झोपतील. आम्ही प्रमाण 4:1 घेतलं आणि पातळी -20.

त्याचा हिशोब ताईने फळ्यावरच मांडला, कारण ती गणिताची आहे. कडकडाट -4, म्हणजे पातळीच्या सोळा वर. चारास एक या प्रमाणाने सोळाचे चार उरतात. म्हणून तो -16 वर येऊन थांबतो. नेहमीचं बोलणं -14, म्हणजे सहा वर. सहाचे दीड, म्हणजे -18.5. पुटपुट -26 वरच, ती पातळीखाली असल्यामुळे तिला कुणी हात लावत नाही. बावीसचं अंतर दहावर आलं. पण सगळाच आवाज आता खाली बसला. म्हणून शेवटी `Output Gain` मध्ये 8 भरले, म्हणजे सगळंच आठने वर. पुटपुट -18, शिकवणं -10.5, कडकडाट -8. सगळ्यात हळूही आता हिरव्याच्या वर पिवळ्यात आलं, आणि रागावणं लाल भागाला जेमतेम शिवतं.

कॉम्प्रेसर हळू आवाज वाढवतो असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. तो दाबतो मोठ्याला. हळू आवाज वर येतो तो नंतरच्या या आठने. आणि हे आठ पंख्यालाही मिळतात, म्हणून फिल्टरचा क्रम महत्त्वाचा. यादीत वरून खाली जसे फिल्टर असतील तसा आवाज त्यांच्यातून जातो. गेट वर, कॉम्प्रेसर खाली. ताईने विचारलं, उलटं केलं तर काय होतं? मी बाण दाबून क्रम उलटा करून दाखवला. ती एक वाक्य बोलली आणि गप्प बसली. पंखा तसाच घरघरत राहिला, गेट मिटेचना. कॉम्प्रेसरने -48 चा पंखा आठने उचलून -40 वर आणला होता आणि गेट मिटायचा होता -44 ला. एकदा उघडलेला गेट उघडाच राहिला. गेटचे आकडेही आठने वर नेले असते तर काम चाललं असतं, पण मग पुढे कधी त्या आठचे सहा केले तर गेट पुन्हा बिघडणार. गेट वर असला की त्याला खाली काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं.

कॉम्प्रेसरच्या वेळा आम्ही फारशा छेडल्या नाहीत. दाबायला सुरुवात करायचा वेळ 6 मिलिसेकंद असतो, तो ठेवला. सोडायचा 60 असतो, तो 120 केला, कारण प्रत्येक अक्षरानंतर दाब सुटला की आवाज धापा टाकल्यासारखा वाटतो. त्या सहा मिलिसेकंदांत मात्र डस्टर टेबलावर आपटल्याचा पहिला ठोका निसटून जातो. त्यासाठी सगळ्यांत खाली `Limiter` लावून त्याची पातळी -3 ठेवली. तो बहुतेक वेळ रिकामाच बसतो.

एवढं करून रेकॉर्डिंग घेतलं आणि ताई म्हणाली, “पंखा येतोय की अजून!” खरंच येत होता, आणि तिचा आवाजही किंचित दुहेरी वाटत होता. मी दहा मिनिटं गेटचे आकडे उगाच खालीवर करत बसलो. मग मिक्सरकडे नीट पाहिलं. तिथे दोन पट्ट्या हलत होत्या. माइक ओबीएसच्या सेटिंगमध्ये एकदा लावलेला होता आणि भाच्याने तोच पुन्हा सीनमध्ये वेगळा घातला होता. एका पट्टीवर आमचे सगळे फिल्टर, दुसरीवर एकही नाही. गाळलेलं आणि न गाळलेलं पाणी एकाच भांड्यात पडत होतं. दुसरी पट्टी काढून टाकली. तशाच आणखी एका भानगडीकडे लक्ष ठेवावं लागतं. काही माइक आणि लॅपटॉप आवाज आपणहून वर-खाली करतात. माणूस गप्प बसला की ते पंख्याला उचलून वर आणतात, आणि मग मोजलेला -48 हा आकडा निरुपयोगी होतो. ती सोय असेल तर आधी बंद करावी.

परीक्षेसाठी आम्ही एकच वाक्य ठरवलं, “हर शून्य असला तर भागाकार करता येत नाही.” सुरुवातीला ‘ह’, शेवटी ‘नाही’. तीन वेळा म्हणायचं, एकदा नेहमीसारखं, एकदा पुटपुटत, एकदा ओरडून, आणि मध्ये पाच-पाच सेकंद गप्प बसायचं. रेकॉर्ड करून मग हेडफोनवर ऐकायचं. बोलता बोलता स्वतःचंच ऐकून काही कळत नाही, कारण आपला आवाज हाडांतूनही कानात येत असतो आणि शेवट कापला गेला तरी आपण तो मनात पुरा करून घेतो. पुटपुटलेल्या वाक्यातला ‘ही’ ऐकू आला तेव्हा ताईने टेबलावर थाप मारली. लिमिटरची पट्टीही त्या निमित्ताने पाहून झाली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. पुन्हा ‘नाही’ जातंय. पट्टी बघ म्हटलं, गप्प बसून. तिने सांगितलं, -35. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तिच्या बाल्कनीला पत्रा आहे. पाऊस -35 वर, तिचा हळू शब्द -36 वर. “मग गेट सारखा उघडाच असेल की,” मी म्हणालो. “होता,” ती म्हणाली, “म्हणून मीच दोन्ही आकडे वर नेले.” तिथे फटच नव्हती. माझ्याकडे तिला देण्यासारखा कुठलाही आकडा नव्हता. जुने आकडे परत भरायला सांगितले आणि त्या दिवसापुरता गेटचा डोळा मिटायला सांगितला. तिने तेवढं केलं. मग फळा, माइक आणि लॅपटॉप घेऊन ती मागच्या खोलीत गेली. तिथे कपड्यांचं कपाट आहे आणि पत्रा नाही. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, त्यात फक्त एक आकडा होता, -54.